मसाल्याला नाव ठेवताय? पाकिटं छापायच्या आधी एवढं तपासा. नाहीतर जमलेलं गिऱ्हाईक आणि छपाई, दोन्हीवर पाणी

घरचा कांदा-लसूण मसाला आठवडी बाजारात खपायला लागला, शेजारच्या तालुक्यातल्या दुकानदाराने वीस किलोची ऑर्डर दिली, पुण्या-मुंबईचे पाहुणे जाताना दोन-दोन किलो नेऊ लागले की पुढची गोष्ट ठरलेली असते. पाकीट छापायचं. आणि पाकीट छापायचं म्हटलं की नाव लागतं. बहुतेक घरांत हे नाव चहा पिता पिता ठरतं. देवाचं नाव, मुलीचं नाव, नाहीतर गावाचं नाव. दुसऱ्या दिवशी छपाईवाल्याकडे ॲडव्हान्स जातो.

अडचण पुढे येते. दोन-तीन वर्षांनी मसाला ऑनलाइन विकायला ठेवला किंवा शहरातल्या मोठ्या दुकानात गेला, की एखाद्या कंपनीच्या वकिलाची नोटीस येते. ‘हे नाव आमच्या नावावर नोंद आहे, वापर थांबवा, माल परत घ्या.’ त्या दिवशी घरात पडलेली पाकिटं, छपाईचे सिलेंडर, दुकानावरची पाटी आणि मुख्य म्हणजे लोकांच्या तोंडात बसलेलं नाव, सगळं एकदम अडकतं. नाव आधीच शोधून पाहिलं असतं तर मोबाइलवर अर्ध्या तासाचं काम होतं.

‘आमच्याकडे उद्यम आहे, फूड लायसन्स आहे’ : मग नाव आपलं झालं का?

नाही. तालुक्यातल्या छोट्या व्यावसायिकांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे.

उद्यम नोंदणी सांगते की तुमचा उद्योग सूक्ष्म, लघु की मध्यम आहे. गुमास्ता सांगतो की या जागेत दुकान चालू आहे. अन्न परवाना सांगतो की तुम्ही खाण्याचा माल बनवता, त्याची नोंद अन्न खात्याकडे आहे. जीएसटी क्रमांक कर भरण्यासाठी असतो. यातल्या एकाही कागदाने नावाची मालकी मिळत नाही. एकाच नावाचे दहा उद्यम निघू शकतात, कारण तिथे नाव कुणाचं आहे हे तपासलंच जात नाही.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढताना नाव तपासतात हे खरं. पण कंपनीचं नाव मंजूर झालं म्हणजे तेच नाव पाकिटावर छापायचा हक्क मिळाला, असं होत नाही. आणि वेबसाइटचं नाव विकत घेतलं तर फक्त तो पत्ता आपला होतो.

मालाच्या नावावर हक्क सांगणारी नोंद एकच. ट्रेडमार्क. ती ट्रेडमार्क कायदा १९९९ खाली होते. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या हद्दीत येतात, पण अर्ज ऑनलाइन करता येत असल्याने तिथे जायची गरज पडत नाही.

चार नावं, एक मसाला

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातलं एक कुटुंब आहे असं समजा. सासूबाईंच्या हातचा कांदा-लसूण मसाला, सून आणि नणंद मिळून महिन्याला दीड-दोनशे किलो करतात. मिरची कांडपावरून कुटून आणतात, बाकी सगळं घरी. नावासाठी घरात चार सूचना आल्या.

पहिली सूचना नणंदेची : ‘सातारी अस्सल मसाला’. हे नाव ऐकल्या ऐकल्या गिऱ्हाइकाला माल कळतो, म्हणून ते चांगलं वाटतं. पण नोंदणीसाठी तेच वाईट. कायद्याच्या कलम ९ प्रमाणे मालाचा प्रकार, गुण किंवा ठिकाण नुसतं सांगणारा शब्द सहसा एकाच्या नावावर देत नाहीत. कारण सरळ आहे. ‘सातारी’, ‘अस्सल’, ‘गावरान’, ‘झणझणीत’, ‘कांदा-लसूण’ हे शब्द प्रत्येक मसालेवाल्याला लागतात. ते एकाला दिले तर बाकीच्यांनी मालाचं वर्णन तरी कसं करायचं? पाकिटावर हे शब्द खुशाल लिहावेत, पण तेच आपलं नाव धरू नये. उद्या समोरच्या गल्लीत कुणी ‘सातारी स्पेशल मसाला’ काढला तर त्याला अडवणं कठीण जातं.

दुसरी सूचना सासूबाईंची : कुलदैवताचं नाव. श्रद्धा ठीक आहे, पण देवाची नावं शेकडो जणांनी आधीच घेतलेली असतात. नोंद मिळाली तरी तिची पकड ढिली राहते. ‘रामायण’ या नावाने अगरबत्ती विकणाऱ्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की पवित्र ग्रंथाच्या नुसत्या नावावर कुणा एकाची मक्तेदारी चालणार नाही.

तिसरी सूचना मुलाची : आडनाव. ‘अमुक मसाले’. आडनाव दुर्मीळ असेल आणि वर्षानुवर्षं त्याच नावाने माल विकला गेला असेल तर ते टिकतं. पण पाटील, जाधव, शिंदे, पवार अशी आडनावं लाखोंची. आपल्या खऱ्या नावाने प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्याला कायदा अडवत नाही. म्हणजे आडनावाचं नाव घेतलं की दुसऱ्या पाटलाला थांबवता येणार नाही, हे धरूनच चालायचं.

चौथी सूचना सुनेची : ‘सांजचूल’. संध्याकाळी पेटलेल्या चुलीची आठवण देणारा, पण मसाल्याचं थेट वर्णन न करणारा जोडशब्द. सुरुवातीला गिऱ्हाइकाला ‘हा कशाचा माल?’ असं विचारावं लागेल, हा त्याचा तोटा. पण एकदा लक्षात राहिलं की ते फक्त याच मालाचं नाव राहतं. ट्रेडमार्कसाठी असंच नाव भक्कम. नवा घडवलेला शब्द, किंवा ज्याचा मालाशी थेट संबंध नाही असा शब्द.

कुटुंबाने ‘सांजचूल’ धरलं असं मानू. पण हे नाव आवडलं एवढंच झालंय. ते मोकळं आहे की नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही.

मोबाइलवर शोध कसा घ्यायचा

सरकारी संकेतस्थळ आहे ipindia.gov.in. त्यात ट्रेडमार्क विभागात Public Search हा पर्याय मिळतो. शोधायला पैसे लागत नाहीत. ओटीपी मागितला तर आपलाच मोबाइल किंवा ईमेल द्यावा. पान मोबाइलवर नीट दिसत नसेल तर ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ करून घ्यावं.

आधी वर्ग ठरवावा लागतो. ट्रेडमार्कमध्ये सगळा माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. १ ते ३४ मालाचे, ३५ ते ४५ सेवांचे. नोंद वर्गाप्रमाणे होते, म्हणून शोधही वर्गाप्रमाणे घ्यायचा. मसाला, पापड, पीठ, चहा, मध हे वर्ग ३० मध्ये येतात. दूध-तूप-पनीर, खाण्याचं तेल वर्ग २९ मध्ये. ताजी फळं, भाजी, बियाणं वर्ग ३१ मध्ये. कपडे २५ मध्ये, हॉटेल-खानावळ ४३ मध्ये. या कुटुंबाने वर्ग ३० मध्ये शोधायचं, आणि जवळचा म्हणून २९ मध्येही. लोणचं-तेल विकणारा उद्या मसाला काढू शकतो आणि गिऱ्हाइकाला दोन्ही एकाच घरचे वाटू शकतात.

शोध इंग्रजी अक्षरांतच घ्यावा. मराठीत छापलेली नावंही तिथे इंग्रजी उच्चाराने नोंदलेली असतात.

पानावर शोधाचे प्रकार दिसतात. त्यातले दोन आपल्या कामाचे. पहिला Wordmark, म्हणजे अक्षरांवरून शोध. त्यात Start With, Contains आणि Match With असे पर्याय येतात. बहुतेक लोक पूर्ण नाव टाकून Match With बघतात, काही दिसत नाही, आणि ‘नाव मोकळं आहे’ म्हणून खूश होतात. चूक इथेच होते. तंतोतंत तेच नाव सापडलं नाही याचा अर्थ मिळतंजुळतं नाव नाही, असा होत नाही.

म्हणून Contains ठेवून नावाचे तुकडे टाकायचे. ‘सांजचूल’साठी असे :

```
SANJ
SAANJ
SANZ
CHUL
CHOOL
CHULHA
```

मग दुसरा प्रकार Phonetic, म्हणजे उच्चारावरून शोध. त्यात SANJCHUL असं पूर्ण नाव टाकायचं. स्पेलिंग वेगळं पण कानाला सारखी लागणारी नावं यात निघतात. तिसरं काम थोडं डोकं लावून करायचं. नावाचा अर्थ हिंदीत किंवा इंग्रजीत घेऊनही एकदा पाहायचं. अर्थ तोच असलेलं दुसऱ्या भाषेतलं नावही कधी कधी आड येतं.

यादी आली की प्रत्येक नावापुढची स्थिती वाचायची. Registered म्हणजे नोंद झालेली आहे. Accepted & Advertised म्हणजे कार्यालयाने मान्य करून जाहीर केलंय, नोंद व्हायची बाकी. Objected म्हणजे कार्यालयाने शंका काढलीय, आणि Opposed म्हणजे तिसऱ्या कुणी तरी हरकत घेतलीय. ही दोन्ही प्रकरणं जिवंत असतात. Objected बघून ‘त्याला नाकारलं’ असं समजू नये. Refused, Abandoned, Withdrawn किंवा Removed म्हणजे अर्ज किंवा नोंद संपलेली. पण तरीही तो माणूस बाजारात त्या नावाने माल विकत असू शकतो, हे लक्षात ठेवावं.

जवळचं नाव दिसलं तर ते उघडून तीन गोष्टी टिपून घ्याव्यात. कोणत्या मालासाठी आहे, अर्जाची तारीख काय, आणि ‘कधीपासून वापरात’ म्हणून काय लिहिलंय. या पानाचा स्क्रीनशॉट ठेवावा.

यादीत नसलेली नावंही असतात

सरकारी यादीत फक्त अर्ज केलेली नावं येतात. अर्ज न करता वीस वर्षं त्याच नावाने धंदा करणारे भरपूर आहेत, आणि त्यांनाही हक्क असतो. म्हणून गूगलवर, नकाशावर, इन्स्टाग्राम-फेसबुकवर आणि ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळांवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिपीत नाव टाकून पाहावं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या किराणा होलसेलवाल्याला विचारावं, ‘या नावाचा मसाला येतो का हो?’ पाकिटं छापणाऱ्यालाही विचारावं. तो दहा तालुक्यांचं काम करतो, त्याच्या डोक्यात नावांची यादी असते.

आधी वापर कुणाचा, याला भारतात किती वजन आहे याचं चांगलं उदाहरण तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीचं आहे. तिथल्या एका हलव्याच्या दुकानाला लोक ‘इरुट्टुकडै’ म्हणायचे, म्हणजे अंधारं दुकान. त्यावरून हलव्याचं नावच इरुट्टुकडै हलवा पडलं. पुढे दुसऱ्याने गावाचं नाव पुढे जोडून तसंच नाव घेतलं आणि त्याची नोंदही मिळवली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये जुन्या दुकानाच्या बाजूने निकाल दिला. नोंद दोघांकडे होती, पण आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क वरचढ ठरला.

याचा धडा दोन्ही बाजूंनी घ्यायचा. दुसऱ्याचं जुनं नाव नोंदलेलं नाही म्हणून उचलू नये. आणि आपण आधीपासून वापरतोय तर त्याचा पुरावा जपून ठेवावा.

‘आमचं नाव थोडं वेगळं आहे की!’

नोटीस आली की पहिलं उत्तर हेच असतं. स्पेलिंग वेगळं आहे, पुढे ‘श्री’ लावलंय, पाकिटाचा रंग वेगळा आहे. न्यायालय मात्र दोन पाकिटं शेजारी ठेवून फरक मोजत बसत नाही. साधं गिऱ्हाईक अर्धवट आठवणीवर माल मागतं तेव्हा त्याचा घोटाळा होईल का, हे बघतं.

हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ‘अमृतधारा’ प्रकरणात मांडलं, आणि आजही त्याचा आधार घेतात. अमृतधारा हे डोकेदुखी-पोटदुखीवरचं जुनं औषध. दुसऱ्याने ‘लक्ष्मणधारा’ नावाचं तसंच औषध काढलं होतं. त्याचं म्हणणं, अर्थ वेगळा, अमृताची धारा निराळी आणि लक्ष्मणाची निराळी. न्यायालयाचं म्हणणं असं की खेड्यातला किंवा शहरातला साधा माणूस औषध घेताना शब्दाची फोड करून अर्थ लावत नाही. तो पूर्ण नावाच्या ढोबळ आवाजावर जातो. म्हणून दोन्ही नावं फसगत होईल इतकी सारखी आहेत.

पण निकालाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा. लक्ष्मणधारा १९२३ पासून विकलं जात होतं, आणि अमृतधारावाल्यांना ते माहीत असून ते गप्प राहिले होते. म्हणून शेवटी लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंद मिळालीच. नाव आपलं असेल आणि कुणी त्याच्यासारखं वापरत असेल, तर वर्षानुवर्षं गप्प बसणंही महागात पडतं.

आता ‘सांजचूल’वर हे लावून पाहू. यादीत वर्ग ३० मध्ये ‘सांजचुल्हा’ असं नोंदलेलं नाव निघालं आणि ते मसाल्याचंच असेल, तर आपलं नाव सोडून द्यावं. अक्षर वेगळं असलं तरी दुकानात ‘ते सांजचूलवालं द्या’ असं म्हटल्यावर घोटाळा होणारच. पण निघालेलं नाव वर्ग २५ मध्ये, साड्यांचं असेल, तर सहसा अडचण येत नाही. साडी घेणारी बाई मसाल्याला तीच कंपनी समजणार नाही. अपवाद फार नावाजलेल्या ब्रँडचा. त्यांची नावं दुसऱ्या मालालाही लावता येत नाहीत, त्यामुळे प्रसिद्ध नावात एखादं अक्षर बदलून वापरायचा मोह टाळावा.

हळद, गूळ, बेदाण्याचं वेगळं आहे

काही नावं कुणा एकाची नसतात, सगळ्या भागाची असतात. सांगलीची हळद, सांगलीचा बेदाणा, कोल्हापूरचा गूळ, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांना भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळालेलं आहे. ते एका व्यापाऱ्याच्या ब्रँडचं नाव होऊ शकत नाही. त्या भागातला, ठरलेल्या पद्धतीने माल करणारा शेतकरी ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद करून जीआयचा फायदा घेऊ शकतो. पाकिटावर स्वतःचा ब्रँड मोठा, आणि जीआय माल असल्याची खूण वेगळी, अशी मांडणी होते. बाहेरची हळद आणून तिच्यावर सांगलीचं नाव टाकणं मात्र अंगाशी येऊ शकतं.

अर्ज, खर्च आणि वाट

नाव मोकळं वाटलं की अर्ज. त्याचा नमुना TM-A. एका व्यक्तीच्या नावावर, किंवा उद्यम प्रमाणपत्र असलेल्या छोट्या उद्योगाच्या नावावर ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये. मोठ्या कंपनीला तीच ९,००० रुपये. कागदी अर्ज दिला तर अनुक्रमे ५,००० आणि १०,००० रुपये. दोन वर्ग घेतले की फी दुप्पट. म्हणून आज मसालाच विकत असाल तर वर्ग ३० पुरे. उगाच पाच वर्ग घेऊन पैसे घालवू नयेत.

ऑनलाइन अर्जाला डिजिटल सही लागते, त्यामुळे बरेच जण वकील किंवा ट्रेडमार्क एजंटाकडून अर्ज करतात. त्याची फी वेगळी. पैसे देण्याआधी सरकारी फी किती आणि तुमची किती, हे कागदावर लिहून घ्यावं. फीची सरकारी पावती आणि अर्ज क्रमांक आपल्या हातात आल्याशिवाय काम झालं असं धरू नये.

अर्जात तीन ठिकाणी घाई नडते.

एक, मालक कोण. मसाला पाच जणी मिळून करतात आणि अर्ज एकीच्याच नावावर गेला, तर कायद्याने नाव तिचंच होतं. उद्या फाटाफूट झाली की बाकीच्या चौघींना पाकीट बदलावं लागतं. बचत गटात ही भांडणं मालावरून कमी आणि नावावरून जास्त पेटू शकतात. नाव सगळ्यांचं असेल तर आधी भागीदारी किंवा दुसरी रीतसर संस्था करून त्या नावाने अर्ज करावा. निदान कोण काय वापरणार याचा लेखी करार तरी करावा.

दोन, शब्द की चित्र. पाकिटावरच्या रंगीत लोगोची नोंद केली तर ती मुख्यतः त्या मांडणीला धरून असते. नुसत्या शब्दाची नोंद केली तर अक्षरांचा आकार, रंग पुढे बदलला तरी चालतं. पैसे एकाच अर्जापुरते असतील तर आधी शब्द. नाव देवनागरीत दिलं तर त्याचा इंग्रजी उच्चार आणि अर्थही अर्जात द्यावा लागतो.

तीन, कधीपासून वापर. अजून विक्री सुरू नसेल तर ‘वापरण्याचा विचार आहे’ असं खरं लिहावं. तीन वर्षांपासून विकत असाल तर तारीख द्यावी, पण सोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात. त्या तारखेची बिलं, छपाईची पावती, नाव असलेला अन्न परवाना, जाहिरात. पुरावा नसलेली जुनी तारीख ठोकून देऊ नये. पुढे वाद झाला की तीच उलटते.

अर्ज झाला की कार्यालय तो तपासतं आणि तपासणी अहवाल देतं. त्यात शंका असेल तर उत्तराला ३० दिवस मिळतात. सगळ्यात जास्त अर्ज बुडायचा धोका इथेच असतो. अहवाल ईमेलवर येतो आणि ईमेल एजंटाचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा दिलेला असतो. उत्तर गेलं नाही की अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो. म्हणून ईमेल स्वतःचा द्यावा, आणि महिन्यातून एकदा अर्ज क्रमांक टाकून स्थिती पाहावी.

शंका मिटली की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतं. तिथून चार महिन्यांत कुणीही हरकत घेऊ शकतं. हरकत आली नाही तर नोंद होते आणि प्रमाणपत्र मिळतं. हक्क मात्र अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून अर्ज लवकर केलेला बरा. नोंद १० वर्षं चालते, मग नूतनीकरण करायचं. आणि नोंद करून नाव नुसतं कपाटात ठेवून चालत नाही. नोंदीनंतर सलग पाच वर्षांहून जास्त काळ वापर नसेल तर दुसरा कुणी ती काढून टाकायची मागणी करू शकतो.

अर्जाची माहिती सगळ्यांना दिसते, त्यामुळे अनोळखी फोन येऊ लागतात. ‘तुमचा अर्ज रद्द होतोय, आजच पैसे भरा.’ असा फोन आला तर आधी सरकारी संकेतस्थळावर आपली स्थिती पाहावी, मगच बोलावं.

टीएम आणि गोल आर

नावाच्या डोक्यावर ‘टीएम’ ही बारीक अक्षरं लावायला नोंद लागत नाही. हे नाव आम्ही आमचं मानतो, एवढंच त्याने कळतं. गोलात आर असलेली ® ही खूण मात्र प्रमाणपत्र मिळाल्यावरच लावायची. नोंद नसताना ती छापणं कायद्याने दंडनीय आहे. छपाईवाला ‘सगळेच टाकतात’ म्हणून डिझाइनमध्ये ती घालून देतो. प्रूफ पाहताना ती आहे का, ते बघून घ्यावं.

नोटीस आलीच तर

नोटीस फाडून टाकू नये, आणि घाबरून त्याच दिवशी ‘आमची चूक झाली’ असं लिहूनही देऊ नये. नोटिशीत दिलेला नोंदणी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकून बघावा. नोंद खरी आहे का, कोणत्या वर्गात, कोणत्या मालासाठी, आणि त्यांचा वापर कधीपासूनचा. मग आपली सर्वात जुनी बिलं काढावीत. आपला सलग वापर त्यांच्या वापराच्या आणि नोंदीच्या, दोन्ही तारखांच्या आधीचा निघाला तर बाजू भक्कम असते. कलम ३४ अशा आधीच्या वापरकर्त्याला संरक्षण देतं. आपण नंतरचे निघालो आणि माल तोच असेल, तर वकिलामार्फत छापलेला माल संपवायला मुदत मागून नाव बदलणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

त्या सातारच्या कुटुंबाने शेवटी काय करावं? आधी शोध, मग अर्ज. आणि अर्जाचा क्रमांक हातात आला तरी पहिली सहा महिने छापील पाऊच न करता साध्या पारदर्शक पिशवीला स्टिकर लावून विक्री. तपासणी अहवालात काही निघालंच तर बदलायला स्टिकरचा एक गठ्ठा असेल, छपाईचे सिलेंडर नाहीत. दरम्यान प्रत्येक बिलावर मसाल्याचं नाव लिहायचं. ‘मसाला २० किलो’ असं नाही, ‘सांजचूल कांदा-लसूण मसाला २० किलो’ असं. त्या बिलांची एक फाइल करून ठेवायची. उद्या कुणी विचारलं की हे नाव कधीपासून तुमचं, तर ती फाइल पुढे करता येईल.